प्रलाप, अवधान आणि बोली : वृद्धांच्या शस्त्रक्रियोत्तर संभ्रमाचा इतिहास आणि भंडारा जिल्ह्यातील त्याची परीक्षा

शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी एखादा वृद्ध रुग्ण अचानक असंबद्ध बोलू लागतो, रात्रभर जागा राहतो, हातातील सलाईनची नळी ओढून काढतो. अथवा याच्या अगदी उलट, तो गप्प पडून राहतो, जेवत नाही आणि हाक मारली तरी उशिराने पाहतो. या दोन्ही अवस्थांना पाश्चात्त्य वैद्यकात डिलिरियम हे एकच नाव आहे. मराठीत मात्र पहिल्या अवस्थेला नाव आहे आणि दुसरीला नाही. 'वात झाला', 'बरळतो', 'चळ लागला' हे सर्व प्रयोग बोलणाऱ्या व हालचाल करणाऱ्या रोग्याविषयीचे होत. गप्प पडलेल्या रोग्याविषयी आपण 'आराम पडला', 'झोप लागली' असे म्हणतो, आणि येथेच निदान चुकते. जेथे शब्द नाही तेथे दृष्टीही जात नाही, या भाषाशास्त्रीय अनुभवाचे इतके गंभीर उदाहरण क्वचितच सापडेल. प्रस्तुत लेखात या अवस्थेच्या इतिहासाचा एकच धागा घेतला आहे : रोग्याच्या बोलण्याकडून त्याच्या अवधानाकडे वैद्यकाचे लक्ष कसे वळले, आणि ते वळल्यावर अवधानाची परीक्षा पुन्हा भाषेतच कशी अडकली. ही अडचण भंडारा जिल्ह्यासारख्या बहुभाषी ग्रामीण प्रदेशात विशेष स्पष्ट दिसते. 'प्रलाप' हा शब्द केवळ बोलण्यापुरता असल्यामुळे समग्र अवस्थेसाठी येथे 'संभ्रम' हा शब्द योजिला आहे.

१. नावांचा इतिहास

लॅटिनमध्ये 'लीरा' म्हणजे नांगरटीतील तासांमधला वरंबा. त्यावरून सरळ रेषा सोडून भरकटणे या अर्थी क्रियापद झाले आणि त्या क्रियापदावरून डिलिरियम हे नाम. इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्ससने आपल्या वैद्यकग्रंथात हा शब्द वापरला आहे. धानाच्या बांधीत नांगर धरलेल्या माणसाला हे रूपक समजावून सांगावे लागणार नाही. तास सुटतो तेव्हा बैल थांबलेले नसतात. केवळ दिशा गेलेली असते.

त्याच्याही आधी ग्रीक वैद्यांनी दोन वेगळे शब्द ठेवले होते. ज्वरातील क्षोभयुक्त अवस्थेस ते 'फ्रेनायटिस' म्हणत आणि सुस्त, झापडयुक्त अवस्थेस 'लेथार्गस'. हे दोन रोग वेगळे मानले जात. तथापि एक अवस्था दुसरीत पालटते हेही निरीक्षकांच्या ध्यानात आले होते. आपल्याकडे आयुर्वेदातील सन्निपातज्वराच्या वर्णनात तंद्रा, मोह आणि प्रलाप ही लक्षणे शेजारी शेजारी येतात, आणि वाग्भटाच्या अष्टांगहृदयातील निदानस्थानात दिवसा गाढ झोप व रात्री जागरण हे लक्षणही नोंदलेले आहे. झोपेचे हे उलटे चक्र आजही या अवस्थेचे एक विश्वसनीय चिन्ह मानले जाते. म्हणजे शास्त्रीय संस्कृत वर्णनात मूक अवस्थेला जागा होती. लोकभाषेत उतरताना ती जागा राहिली नाही.

शस्त्रक्रियेशी या अवस्थेचा संबंध जोडणाऱ्यांत पॅरिसच्या ओतेल-दिय रुग्णालयातील शल्यचिकित्सक द्यूपुईत्राँ याचे नाव महत्त्वाचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याने अस्थिभंग व शस्त्रक्रिया यांनंतर येणाऱ्या एका भ्रमाचे वर्णन केले. त्यातील लक्षणीय भाग असा की, या रोग्यांना ज्वर नसतो. तोपर्यंत प्रलाप म्हणजे तापाचा परिणाम, अशी समजूत होती. ताप नसताना मन भरकटते, या निरीक्षणाने प्रश्न तापाचा नसून मेंदूवर पडणाऱ्या ताणाचा आहे, या विचाराला वाट मिळाली.

२. बोलण्याकडून अवधानाकडे

विसाव्या शतकाच्या मध्यास पाच वर्षांच्या आत तीन लेख प्रसिद्ध झाले आणि या विषयाची दिशा त्यांनी ठरविली. १९५५ साली बेडफर्ड या इंग्लिश वैद्याने वृद्धांच्या मेंदूवर भुलीचा होणारा दुष्परिणाम 'लॅन्सेट'मध्ये मांडला. त्याच्या शोधाचा आरंभ कोणत्याही यंत्राने केला नव्हता. 'शस्त्रक्रियेपासून म्हातारा पूर्वीचा राहिला नाही' ही नातेवाइकांची तक्रार त्याने गंभीरपणे घेतली, एवढेच. भुलीवर त्याने ठेवलेला ठपका पुढे बराच सौम्य झाला. मांडीच्या हाडाच्या शस्त्रक्रियांत कमरेतील भूल व संपूर्ण भूल यांची तुलना करणाऱ्या दोन मोठ्या चाचण्या २०२१ साली प्रसिद्ध झाल्या, आणि संभ्रमाच्या प्रमाणात त्यांना अर्थपूर्ण फरक आढळला नाही. परंतु रोग्याच्या पूर्वीच्या स्वभावाची साक्ष घरच्या माणसाकडे असते, हे बेडफर्डचे गमक आजच्या प्रत्येक चाचणीत टिकून आहे.

१९५८ साली बॉस्टन येथील वाइझमन व हॅकेट यांनी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या रुग्णांतील संभ्रमाचे वर्णन केले. भूल अल्प, रक्तस्राव नगण्य, आणि तरीही वृद्ध रुग्ण रात्री भरकटत. अंधारात पडलेल्या माणसाला आपण कोठे आहोत, भोवती कोण आहे, हे आवाजाने पुन्हा पुन्हा कळवीत राहणे, हाच त्यांच्या उपचाराचा गाभा होता. औषधाविना शुश्रूषेचे तत्त्व येथे प्रथम इतक्या स्पष्टपणे दिसते : जे इंद्रिय बंद झाले त्याची उणीव दुसऱ्या इंद्रियाने आणि परिचित संभाषणाने भरून काढावयाची.

१९५९ साली एंगेल व रोमानो यांनी संभ्रम म्हणजे मेंदूच्या कार्याची अपुरेपणाची अवस्था होय, अशी मांडणी केली. हृदय किंवा मूत्रपिंड जसे अपुरे पडते तसाच मेंदूही पडतो. विद्युत्-आलेखातील लहरी मंद होतात आणि त्याच प्रमाणात रोग्याचे लक्ष एका गोष्टीवर टिकणे कठीण होते, असे त्यांनी दाखविले. बडबड हे लक्षण यामुळे गौण ठरले. रोगी बोलो वा न बोलो, त्याचे अवधान टिकते काय, हा प्रश्न मुख्य ठरला. या एका बदलाने गप्प पडलेला रोगी प्रथमच कसोटीच्या कक्षेत आला.

१९९० साली शॅरन इनोई व त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच मांडणी चार खुणांत बसविली. पहिली खूण, अवस्था अकस्मात आली व दिवसभरात कमीजास्त होते; दुसरी, अवधान टिकत नाही; तिसरी, विचारांची संगती तुटलेली आहे; चौथी, जागृतीची पातळी बदललेली आहे. पहिल्या दोन खुणा आणि उरलेल्या दोहोंपैकी एक, एवढे मिळाले की संभ्रम आहे असे धरावयाचे. अवस्था अकस्मात येणे ही अट स्मृतिभ्रंशापासून ती वेगळी करते. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांनी वाढतो, संभ्रम तासा-दिवसांत येतो. मात्र स्मृतिभ्रंश असलेल्यालाच संभ्रम लवकर गाठतो, म्हणून एकाचे निदान झाल्याने दुसरे रद्द होत नाही.

३. चाचणी आणि तिची भाषा

आज वॉर्डात सर्वांत सोयीची मानली जाणारी चाचणी स्कॉटलंडमधील मॅक्लुलिच व सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केली. तिचे चार भाग दोन मिनिटांत होतात. रोगी स्पष्टपणे सुस्त किंवा प्रक्षुब्ध असेल तर चार गुण. वय, जन्मतारीख, ठिकाण व चालू साल या चार प्रश्नांत एक चूक झाल्यास एक गुण, दोन किंवा अधिक चुका झाल्यास दोन. वर्षाचे महिने उलटे म्हणताना सात किंवा अधिक बरोबर आल्यास शून्य, त्याहून कमी आल्यास अथवा रोग्याने म्हणण्यास नकार दिल्यास एक, आणि आजारपणामुळे परीक्षाच घेता आली नाही तर दोन. शेवटी, गेल्या काही दिवसांत मनःस्थितीत अचानक बदल किंवा चढउतार झाल्याची साक्ष मिळाल्यास चार. बेरीज चार किंवा अधिक झाली की संभ्रमाची शक्यता धरून पुढील तपास करावयाचा.

या चार भागांची रचना भाषाशास्त्राच्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. पहिल्या व चौथ्या भागाला रोग्याच्या शिक्षणाची गरज नाही. एकात परिचारिकेची नजर पुरते, दुसऱ्यात घरच्या माणसाचा शब्द. मधल्या दोन भागांत मात्र शाळा, पंचांग आणि सरकारी कागद गृहीत धरलेले आहेत. हा दोष नवा नाही. १९७५ साली फोलस्टीन यांनी अमेरिकेत रचलेली बुद्धिपरीक्षा हरियाणातील बल्लभगड परिसरातील निरक्षर वृद्धांना लावताना मेरी गांगुली व सहकाऱ्यांना तो भोवला. त्यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या हिंदी परीक्षेत 'डोळे मिटा' असे लिहिलेले वाचून कृती करण्याऐवजी परीक्षकाच्या चेहऱ्याकडे पाहून त्याच्यासारखे डोळे मिटण्यास सांगितले जाते, आणि वाक्य लिहिण्याऐवजी तोंडी सांगण्यास. त्यांनी केवळ शब्दांचे भाषांतर केले नाही. मूळ प्रश्न मनाची जी क्रिया तपासतो तीच क्रिया निरक्षर माणसाच्या व्यवहारात कोठे सापडते, याचा शोध घेतला. हेच काम भंडाऱ्यात करावयाचे राहते.

४. भंडारा जिल्ह्यातील परिस्थिती

१ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाल्यानंतर भंडारा जिल्हा सात तालुक्यांचा उरला. वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील या धानाच्या प्रदेशात प्रमाण मराठी शाळेत व कचेरीत ऐकू येते. घरात झाडीबोली बोलली जाते, उत्तरेकडे पोवारी व हिंदी, काही गावांत गोंडी. झाडीबोलीत 'ण' चा उच्चार 'न' असा आणि 'ळ' चा सामान्यतः 'र' असा होतो. डोळा हा 'डोरा' होतो. वारांची नावेही वृद्धांच्या तोंडी ऐतवार, बेस्तरवार अशी असतात. परिचारिका पुष्कळदा बाहेरच्या जिल्ह्यातील असते आणि वैद्य नागपूर किंवा त्याहून दूरचा.

वरील चाचणीतील प्रत्येक प्रश्न येथे कसा वळण घेतो ते पाहावे. वय विचारले असता जुन्या पिढीतील माणूस विसांनी मोजून 'तीन इसा नि वर धा-बारा' असे सांगतो. हे उत्तर चूक नसून मोजणीची पद्धत निराळी आहे. जन्मतारीख बहुतेकांच्या आधारपत्रावर आहे, त्यांच्या स्मरणात नाही. गाव विचारले असता पवनी तालुक्यात आणखी एक गुंता उभा राहतो. १९८८ साली पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द धरणामुळे अनेक गावे उठली. पुनर्वसित वस्तीत राहणारी म्हातारी आपल्या गावाचे नाव म्हणून पाण्याखाली गेलेले गाव सांगते, आणि परीक्षक ते स्थलविस्मृती म्हणून नोंदवितो. महिने विचारले तर जानेवारी-फेब्रुवारीची यादी तिला कधीच क्रमाने येत नव्हती. चैत्र-वैशाख येतात, पण तिचा खरा कालक्रम पऱ्हे, रोवणी, पोळा, कापणी आणि दिवाळीनंतरची मंडई असा आहे.

५. एक रुग्ण

विवेचन मूर्त व्हावे म्हणून एक रुग्ण कल्पू. वय सुमारे बहात्तर, पवनी तालुक्यातील पुनर्वसित वस्तीतील शेतकरी स्त्री. आषाढात रोवणीच्या वेळी बांधीच्या धुऱ्यावरून घसरून डाव्या मांडीच्या हाडाची मान मोडली. चौथ्या दिवशी कमरेत भूल देऊन कृत्रिम गोळा बसविण्याचे ठरले.

शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी परिचारिका चाचणी घेते. म्हातारी जागी व बोलकी आहे : शून्य. जन्मतारीख व साल येत नाही : दोन गुण. महिने उलटे म्हणण्यास सांगता ती म्हणते, "मले ते येत न्हाई, बाई." नियमाप्रमाणे हा नकार आहे, म्हणून एक गुण, पण घाईत परिचारिकेने 'परीक्षा घेता आली नाही' असे धरले तर दोन. सून म्हणते, सासू नेहमीसारखीच आहे : शून्य. एका नोंदीने बेरीज तीन होते, दुसऱ्या नोंदीने चार. म्हणजे पूर्ण शुद्धीवर असलेली स्त्री एका गुणाच्या वाचनभेदाने संभ्रमित ठरते. अशा खोट्या इशाऱ्यांचा परिणाम असा होतो की, दोन आठवड्यांत वॉर्ड त्या कागदावर विश्वास ठेवणे सोडून देतो, आणि मग खरा इशाराही वाचला जात नाही.

येथे परिचारिका एक अधिक गोष्ट करते. ती वार उलटे म्हणावयास सांगते. "ऐतवार, शनिवार, शुक्रवार, बेस्तरवार, बुधवार, मंगरवार, सोमवार." सातही न अडखळता आले. अवधान शाबूत असल्याची ही नोंद कागदावर वेगळी लिहिली जाते. ती मूळ चाचणीच्या गुणांत मिळवावयाची नाही, कारण सात वार बारा महिन्यांहून सोपे आहेत आणि चारची मर्यादा महिन्यांवर आधारून ठरलेली आहे. हिचा उपयोग एवढाच की उद्या या रोग्याची तुलना तिच्या स्वतःशीच करता यावी. शस्त्रक्रियेपूर्वीची ही नोंद नसेल तर नंतरच्या सर्व नोंदी आधाराविना लोंबकळतात.

पहिला दिवस ठीक जातो. रात्री अंगाला खाज सुटते म्हणून फेनिरामिनचे इंजेक्शन दिले जाते. सकाळी लघवीची नळी काढली जाते. दुसऱ्या दिवशी दुपारी म्हातारी गप्प आहे, ताट तसेच आहे, डोळे मिटलेले. शेजारची मंडळी म्हणतात, आराम पडला. सुनेला मात्र विचारले, "बुढी रोजच्यावानी हाय का?" तेव्हा ती म्हणते, "आज ते आपल्यातच न्हाई." हाक मारल्यावर म्हातारी सावकाश डोळे उघडते. वार विचारता ऐतवार, शनिवार एवढे म्हणून पुढे सोमवार, मंगरवार असे सुलटे सुरू होते आणि नजर खिडकीकडे जाते. सुस्तीचे चार आणि बदलाच्या साक्षीचे चार, आठ गुण भाषेच्या प्रश्नांपूर्वीच झाले. उलट्या क्रमाने निघालेले मन नकळत सवयीच्या क्रमात घसरणे हीच अवधान तुटल्याची खूण होय. येथे अज्ञानाचा प्रश्न नाही, कारण परवा हेच सात वार बरोबर आले होते.

संभ्रम हे निदान पुरेसे नाही. तो कशाने आला हे शोधणे आवश्यक असते. परिचारिका ओटीपोटावर हात ठेवते तर ते ताठ लागते. सकाळपासून लघवी झालेली नाही. जीभ कोरडी आहे. पाण्याच्या नोंदीत चोवीस तासांत दोनच पेले. फेनिरामिन हे औषध खाजेवर चालते, पण मेंदूतील व मूत्राशयातील ज्या रासायनिक दूतावर अवधान आणि मूत्राशयाचे आकुंचन अवलंबून असते त्यालाच ते अडविते. एका इंजेक्शनाने दोन्ही घडविले, आणि तुंबलेल्या मूत्राशयाने अस्वस्थतेत भर घातली. वैद्य ते औषध बंद करतो, नळीने एकवार मूत्राशय रिकामा करवितो, आणि सोडियम, रक्तातील प्राणवायू, हिमोग्लोबिन व जंतुसंसर्ग यांची तपासणी सांगतो. वेदनेसाठी पॅरासिटामॉल ठरलेल्या वेळांनी दिले जाते, कारण न शमलेली वेदनाही संभ्रमाचे कारण होते. झोपेसाठी डायझेपाम देण्याचा मोह टाळला जातो; त्याने रोगी शांत दिसतो, पण संभ्रम लांबतो.

६. प्रतिबंध आणि शुश्रूषेची आखणी

१९९९ साली इनोई यांनी येल येथे केलेला प्रयोग या विषयातील आधारस्तंभ मानला जातो. सत्तरी ओलांडलेल्या ८५२ रुग्णांत सहा गोष्टींकडे नियमाने लक्ष दिले गेले : दिशाभान, झोप, चालणे-फिरणे, दृष्टी, श्रवण आणि शरीरातील पाणी. नेहमीच्या शुश्रूषेत १५ टक्के रुग्णांना संभ्रम झाला, या आखणीत ९.९ टक्क्यांना. ते रुग्ण शस्त्रक्रियेचे नव्हते. परंतु २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या तैवानमधील चाचणीत पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेच्या वृद्ध रुग्णांतही असाच लाभ दिसला. तेथे केवळ तीनच गोष्टी रोज केल्या जात : दिशाभान देणारे संभाषण, तोंडाची स्वच्छता व खाण्यास साहाय्य, आणि लवकर उठवून चालविणे. येल येथील प्रयोगाचा आणखी एक निष्कर्ष तितकाच महत्त्वाचा आहे. संभ्रम एकदा सुरू झाल्यावर त्याची तीव्रता या आखणीने कमी झाली नाही. म्हणून शुश्रूषेची आखणी शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळीच सुरू झाली पाहिजे.

वरील रुग्णाच्या बाबतीत ती संध्याकाळ अशी असावी. चष्मा घरी राहिला आहे असे कळताच मुलाला तो आणावयास सांगितला जातो. उजव्या कानाने कमी ऐकू येते, म्हणून खाटेच्या डाव्या बाजूस खुर्ची ठेवली जाते. ती कोणत्या बोलीत बोलते आणि तिला घरी काय म्हणून हाक मारतात, हे खाटेच्या कागदावर लिहिले जाते. तंबाखू खाते काय हे विचारले जाते, कारण ती अचानक सुटल्यानेही अस्वस्थता येते. पुरुष रुग्णास, आणि संकोच न करता स्त्रीसही, मोहाच्या दारूविषयी विचारलेच पाहिजे. दारू तुटल्याने होणारा संभ्रम हा वेगळा रोग आहे. त्यात हातांना कंप, घाम व झटके येतात, आणि तो केवळ शुश्रूषेने आवरत नाही. तेथे डायझेपामसारखे एरवी वर्ज्य मानलेले औषध व थायमिन यांचीच गरज असते. औषधाविना शुश्रूषेची ही निश्चित मर्यादा होय.

शस्त्रक्रियेनंतर, हृदय किंवा मूत्रपिंडाचे बंधन नसल्यास, दिवसाकाठी सुमारे दीड लिटर द्रव पोटात जावे म्हणून जागेपणी दर दोन तासांनी पेला हातात दिला जातो. 'पाणी पाहिजे काय?' असे विचारणे पुरेसे नाही. संभ्रमाच्या वाटेवर असलेला वृद्ध तहान सांगत नाही. पहिल्याच दिवशी तिला खाटेच्या कडेला बसविले जाते आणि वैद्याच्या अनुमतीने चौकटीच्या आधाराने उभे केले जाते. लघवीची नळी जितक्या लवकर निघेल तितके बरे, मात्र निघाल्यानंतर लघवी झाली की नाही हे पाहण्याची वेळ कागदावर लिहिलेली असावी. रात्री दहा ते पाच या वेळेत दिवे मंद, आणि शक्य तितकी औषधे त्यापूर्वी वा नंतर. एका परिचारिकेकडे अनेक खाटा असतात, म्हणून पाणी, चष्मा आणि बसविणे ही कामे घरच्या माणसाकडे सोपविता येतात. पण काय आणि केव्हा हे सांगूनच. नातेवाईक पाळीने बदलत असतील तर जाणाऱ्याने येणाऱ्याला 'म्हातारी काल कशी होती' हे सांगावयाचे, कारण चाचणीचा चौथा भाग त्यांच्याच साक्षीवर उभा आहे.

दिशाभान देणारे संभाषण ही परीक्षा नव्हे. संभ्रमित माणसाला 'हे कोणते ठिकाण? आज तारीख काय?' असे वारंवार विचारल्याने तो लज्जित किंवा क्रुद्ध होतो. त्याला विचारण्याऐवजी सांगावयाचे असते, आणि त्याच्या बोलीत : "माय, हा भंडाऱ्याचा दवाखाना. आज बेस्तरवार. पडवा तुमचा पाय जोडला. सूनबाई इथंच हाय." रात्री म्हातारी 'बैल सुटले' म्हणून उठू लागली तर बैल नाहीत असा वाद घालू नये आणि आहेत असे खोटेही सांगू नये, गोठ्याकडे मुलगा आहे, हे खरे तेच सांगावे. खाटेला हात बांधणे टाळावे. बांधलेला रोगी अधिक झगडतो, आणि इजाही होते. हॅलोपेरिडॉलसारखे औषध केवळ रोगी स्वतःला वा दुसऱ्याला धोक्यात घालीत असेल आणि अन्य उपाय थकले असतील तेव्हाच, अल्प मात्रेत व अल्प काळ, वैद्याने द्यावयाचे. अमेरिकेतील अतिदक्षता विभागांत झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या औषधाने संभ्रमाचे दिवस कमी झाले नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी आपली म्हातारी सातही वार उलटे म्हणते. संध्याकाळी पुन्हा चौथ्यावर अडकते. सकाळच्या फेरीत वैद्याने 'बरी आहे' असे लिहिले असेल तर ते सकाळपुरतेच खरे आहे. चढउतार हा या अवस्थेचा स्वभाव असल्यामुळे प्रत्येक पाळीत एक नोंद आवश्यक ठरते. पाचव्या दिवशी दोन्ही नोंदी निर्दोष येतात. सर्वांचे असे होत नाही. काही वृद्धांत संभ्रम आठवडे रेंगाळतो आणि काहींची पूर्वीची बुद्धी पूर्णपणे परत येत नाही. घरी पाठविताना हे कुटुंबास सांगितले पाहिजे.

७. उरलेले काम

वार उलटे म्हणविणे ही येथे सुचविलेली सोय आहे, सिद्ध चाचणी नव्हे. ती सिद्ध होण्यास झाडीबोली, पोवारी, गोंडी व हिंदी बोलणाऱ्या निरोगी निरक्षर वृद्धांपैकी किती जण सात वार उलटे म्हणू शकतात हे आधी पाहिले पाहिजे. मग शस्त्रक्रियेच्या रुग्णांत त्याच परीक्षेचे निकाल अनुभवी वैद्याच्या स्वतंत्र निदानाशी ताडून मर्यादा ठरविली पाहिजे. अतिदक्षता विभागात वापरल्या जाणाऱ्या दुसऱ्या एका परीक्षेत दहा अक्षरे उच्चारून ठराविक अक्षर ऐकताच रोग्याने हात दाबावयाचा असतो. तिचे रूपांतर करताना 'ण' व 'न' अथवा 'ळ' व 'र' या जोड्यांतील अक्षरे निवडल्यास झाडीबोलीचा वक्ता शुद्धीवर असूनही चुकेल. लक्षाची परीक्षा घेताना बोलीची परीक्षा होऊ नये, ही दक्षता घेणे वैद्यकापेक्षा भाषाशास्त्राचे काम आहे. गप्प पडलेल्या वृद्धाला मराठीत अद्याप नाव नाही. ते मिळेपर्यंत वॉर्डाच्या कागदावर 'आराम पडला' असे लिहिण्यापूर्वी एकदा वार उलटे म्हणवून पाहिले आणि सुनेला एक प्रश्न विचारला, तरी पुष्कळसे निदान वेळेवर होईल.